गणितातला चंद्र : ईस्टरची तारीख ठरते कशी?

२१ मार्च २०१९ रोजी महाराष्ट्रात धुळवड होती. त्या पहाटे, आपल्या घड्याळाप्रमाणे साडेतीनच्या सुमारास, सूर्य वसंतसंपातावर आला. सकाळी सव्वासातच्या आसपास फाल्गुनी पौर्णिमा पूर्ण झाली. म्हणजे आधी संपात आणि त्यानंतर चार तासांच्या आत पौर्णिमा. दिवस गुरुवारचा होता.

ईस्टरचा नियम कोणत्याही ज्ञानकोशात एका वाक्यात सापडतो. वसंतसंपातानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्यानंतरच्या रविवारी ईस्टर. या नियमाने २०१९ चा ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. प्रत्यक्षात वसईपासून रोमपर्यंत तो २१ एप्रिलला, तब्बल चार आठवड्यांनी साजरा झाला. कोणत्याही चर्चची चूक झाली नव्हती, आणि ही तारीख कित्येक वर्षे आधीच छापून ठेवलेली होती.

मग घोळ कुठे आहे? घोळ त्या एका वाक्यात आहे. त्यातला ‘संपात’ आकाशातला संपात नाही आणि ‘पौर्णिमा’ही आकाशातली पौर्णिमा नाही. दोन्ही कोष्टकातल्या आहेत. चर्चने आकाशातला चंद्र बाजूला ठेवून गणिताचा एक चंद्र घडवला, आणि जवळजवळ दीड हजार वर्षे ईस्टर त्याच चंद्राच्या मागे चालला आहे. हा चंद्र का घडवावा लागला, तो कसा चालतो आणि त्याच्यावरून कोणत्याही वर्षाची तारीख कशी काढायची, हे या लेखात पाहू.

वल्हांडणाची पौर्णिमा

ख्रिस्ताला क्रुसावर चढवले गेले ते ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत. वल्हांडण निसान महिन्याच्या चौदाव्या दिवसाशी, म्हणजे पौर्णिमेशी बांधलेला. ख्रिस्ताचे पुनरुत्थान मात्र रविवारी झाले, अशी श्रद्धा. त्यामुळे सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजापुढे दोन घड्याळे होती. एक चंद्राचे, दुसरे आठवड्याचे. आशिया मायनरमधले काही समाज चौदाव्या दिवसालाच सण पाळत, मग वार कोणताही असो. रोममध्ये रविवारचा आग्रह होता.

इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सर्वांनी एकाच दिवशी ईस्टर पाळावा असे ठरवले. पण परिषदेने कोणतेही कोष्टक किंवा सूत्र दिले नाही. गणिताची बाजू हळूहळू इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाकडे गेली, कारण खगोलाचे जाणकार तिथे होते. तिथल्या पद्धतीत वसंतसंपात २१ मार्चला धरलेला होता, कायमचा.

तारीख आधी माहीत असणे ही चैन नव्हती. ईस्टरपूर्वी उपवासकाळ असतो. आजच्या रोमन प्रथेत तो राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरच्या ४६ दिवस आधी सुरू होतो. पौर्णिमा डोळ्यांनी पाहून मग ईस्टर ठरवायचा म्हटले, तर उपवास कधी सुरू करायचा हे कळणारच नाही. अलेक्झांड्रियाचा बिशप दरवर्षी पत्र पाठवून पुढच्या सणाची तारीख कळवत असे. ढगाळ आकाश, लांबचा प्रवास आणि गावोगावची वेगळी निरीक्षणे यांच्यावर विसंबून हे साधणारे नव्हते. त्यासाठी कागदावर चालणारा चंद्र हवा होता.

आणि तो सगळीकडे एकच हवा होता. सातव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रियाचा राजा ओस्विउ आयरिश परंपरेचे ८४ वर्षांचे चक्र मानत असे, तर केंटहून आलेली त्याची राणी एन्फ्लेड रोमची पद्धत पाळत असे. बीड या मठवासी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, की कधी कधी राजाचा ईस्टर होऊन मेजवानी चालू असे आणि राणी अजून उपवासातच असे. एका वाड्यातले हे दोन ईस्टर मिटवण्यासाठी ६६४ मध्ये व्हिटबीला सभा भरली, आणि राजाने रोमच्या बाजूने कौल दिला.

एकोणीस वर्षांचा फेरा

रोमने ज्या पद्धतीचा स्वीकार केला होता ती अलेक्झांड्रियाचीच. तिचा पाया मराठी वाचकाला परका नाही. २००४ मध्ये अधिक श्रावण आला होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. २०२३ मध्येही अधिक श्रावणच होता, आणि तोही १८ जुलै ते १६ ऑगस्ट. २००७ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होता. २०२६ च्या पंचांगात त्याच तारखांना पुन्हा अधिक ज्येष्ठ आहे. अंतर दोन्हीकडे १९ वर्षांचे. आपल्या एकोणिसाव्या वाढदिवसाला जन्मतारीख आणि जन्मतिथी जवळजवळ जुळून येतात, तेही याचमुळे. १९ सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात. दोहोंतला फरक सुमारे दोन तासांचा.

म्हणून वर्षांना १ ते १९ असे क्रमांक द्यायचे. याला लॅटिन परंपरेत ‘सुवर्णांक’ म्हणतात. सुवर्णांक सारखा असेल तर चंद्राच्या तारखाही सारख्या.

दुसरा आकडा म्हणजे ‘एपॅक्ट’. १ जानेवारी उजाडताना अमावास्येला किती दिवस उलटून गेले, म्हणजे वर्षारंभी चंद्राचे वय किती, हे तो सांगतो. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात आणि सौर वर्षाचे ३६५. त्यामुळे दरवर्षी चंद्राचे वय ११ दिवसांनी वाढते. ते ३० किंवा अधिक झाले, की ३० वजा करायचे. हे ३० वजा करणे म्हणजे आपला अधिक महिनाच. एकोणीस वर्षांत ११ दिवसांप्रमाणे २०९ दिवस जमतात. सात महिन्यांचे २१० व्हायला एक दिवस कमी पडतो. तो चक्राच्या शेवटी एकदा जास्तीचा धरतात. जुन्या गणकांनी त्याला ‘चंद्राची उडी’ असे नाव दिले होते. आपल्याकडेही १९ वर्षांत अधिक महिने सातच येतात. हिशेब तोच आहे.

रोममध्ये ५२५ च्या सुमारास डायोनिसियस एक्झिग्युअस या मठवासीयाने हे कोष्टक पुढील ९५ वर्षांसाठी लॅटिनमध्ये तयार केले. आधीच्या कोष्टकात वर्षे डायोक्लेशियन या रोमन सम्राटाच्या राज्यारोहणापासून मोजलेली होती. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्याचे नाव ईस्टरच्या कोष्टकावर नको, म्हणून डायोनिसियसने ख्रिस्ताच्या अवतारापासून वर्षे मोजली आणि पहिल्या ओळीत ५३२ हा आकडा लिहिला. आज जगभर चालणारा इसवी सन असा ईस्टरच्या कोष्टकातल्या एका स्तंभाचे शीर्षक म्हणून जन्माला आला.

एक वर्ष करून पाहू

आता २०२६ चा ईस्टर काढू. पुढे दिलेली रीत १९०० ते २१९९ या वर्षांना जशीच्या तशी चालते.

पहिली पायरी, सुवर्णांक. वर्षाला १९ ने भागायचे आणि बाकीत १ मिळवायचा. २०२६ भागिले १९, भागाकार १०६, बाकी १२. सुवर्णांक १३.

दुसरी पायरी, एपॅक्ट. सुवर्णांकातून १ वजा करून ११ ने गुणायचे, त्यात २९ मिळवायचे आणि ३० च्या पटी काढून टाकायच्या. १२ गुणिले ११ म्हणजे १३२. त्यात २९ मिळवून १६१. त्यातून १५० काढले की उरले ११. एपॅक्ट ११. पडताळा हवा असेल तर आकाशाकडे पाहावे. २०२५ मधली शेवटची अमावास्या २० डिसेंबरची, तेव्हा १ जानेवारी उजाडताना चंद्र जवळजवळ बारा दिवसांचा. कोष्टक एका दिवसाच्या आत बरोबर आहे.

तिसरी पायरी, पौर्णिमा. ४४ मधून एपॅक्ट वजा करायचा. ४४ उणे ११ म्हणजे ३३. हा मार्चचा तेहेतिसावा दिवस, म्हणजेच २ एप्रिल. उत्तर २१ पेक्षा कमी आले, तर ती पौर्णिमा संपाताआधीची. मग ३० मिळवून पुढची घ्यायची. येथे ‘पौर्णिमा’ म्हणजे कोष्टकातल्या चांद्रमासाचा चौदावा दिवस, निसानच्या चौदाव्याची आठवण.

चौथी पायरी, रविवार. २ एप्रिल २०२६ ला गुरुवार आहे, म्हणून पुढचा रविवार ५ एप्रिल. हाच ईस्टर. पौर्णिमा नेमकी रविवारी आली, तर त्या दिवशी सण करायचा नाही, त्याच्या पुढच्या रविवारी करायचा. ईस्टर चौदाव्या दिवसावर पडू नये, हा यातला कटाक्ष आहे.

या वर्षी गणिताचा चंद्र आणि आकाशातला चंद्र हातात हात घालून चालतात. २ एप्रिललाच आपली चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती.

२०१९ चे कोडे

आता हीच रीत २०१९ ला लावू. १९ ने भागून बाकी ५, सुवर्णांक ६. ५ गुणिले ११ म्हणजे ५५, अधिक २९ म्हणजे ८४, साठ काढून एपॅक्ट २४. मग ४४ उणे २४ म्हणजे २०. कोष्टकाची पौर्णिमा २० मार्चला आली. संपात २१ मार्चचा, म्हणून ही पौर्णिमा एका दिवसाने बाद. पुढची एप्रिलमध्ये, आणि ईस्टरही तिच्यामागे एप्रिलच्या उत्तरार्धात.

अशा वेळी दोष बहुतेकदा २१ मार्च या ठरीव संपाताला दिला जातो. इथे मात्र तो संपाताचा नव्हता. आकाशातली पौर्णिमा २१ मार्चला होती; कोष्टकाने ती एक दिवस आधी धरली. कोष्टक पूर्ण दिवसांत मोजते आणि चंद्राची चाल सरासरीची धरते. खरा चंद्र लंबवर्तुळाकार कक्षेत कधी वेगाने, कधी सावकाश जातो. त्यामुळे दोहोंत एखाद्या दिवसाचा फरक पडणे नेहमीचेच. बहुतेक वर्षी तो रविवारच्या हिशेबात विरून जातो. सीमेवरच्या वर्षी तोच फरक पूर्ण महिन्याचा होतो.

आता पुढच्या पौर्णिमेची तारीख. २० मध्ये ३० मिळवले तर ५० येतात, म्हणजे १९ एप्रिल. पण कोष्टक १८ एप्रिल म्हणते. येथे या रीतीतला एक अपवाद आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून कोष्टकात ३० आणि २९ दिवसांचे महिने आलटून पालटून येतात. एपॅक्ट मात्र तीस आहेत. २९ दिवसांच्या महिन्यात तीस एपॅक्ट बसवायचे तर एका दिवशी दोघांना दाटीवाटीने बसावे लागते. हे दोघे म्हणजे २४ आणि २५. म्हणून २४ एपॅक्टला २५ समजायचे. ४४ उणे २५ म्हणजे १९, अधिक ३० म्हणजे ४९, म्हणजे १८ एप्रिल. त्या दिवशी गुरुवार होता, ईस्टर २१ एप्रिल.

यातून एक अडचण उभी राहते. सध्याच्या एकोणीस वर्षांच्या फेऱ्यात सुवर्णांक ६ चा एपॅक्ट २४ आहे आणि सुवर्णांक १७ चा २५. दोघांची पौर्णिमा १८ एप्रिललाच पडेल. पण एकाच फेऱ्यात पौर्णिमेची तारीख दोनदा येऊ नये, हे या कोष्टकाचे मूळ तत्त्व. म्हणून सुवर्णांक ११ पेक्षा मोठा असेल तेव्हा २५ ला २६ समजायचे, म्हणजे पौर्णिमा १७ एप्रिल. १९५४ साली सुवर्णांक १७ होता. अपवाद विसरून हिशेब केला तर पौर्णिमा १८ एप्रिलला, रविवारी येते, आणि ईस्टर २५ एप्रिलला ढकलला जातो. खरा ईस्टर १८ एप्रिललाच झाला.

चूक झाली की नाही हे ओळखण्याची खूणही यातच आहे. कोष्टकाची पौर्णिमा २१ मार्चच्या आधी किंवा १८ एप्रिलनंतर कधी येत नाही. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या ३५ दिवसांच्या बाहेर जात नाही. १९८१ साली सुवर्णांक ६ होता. २४ चा अपवाद सोडून केलेला हिशेब २६ एप्रिल हे उत्तर देतो आणि तिथेच पकडला जातो. खरा ईस्टर १९ एप्रिलला होता. शेवटच्या टोकाचा, २५ एप्रिलचा ईस्टर १९४३ मध्ये आला होता आणि आता २०३८ मध्ये येईल. या दोन्ही वर्षांचा सुवर्णांक ६, २०१९ चाच.

चंद्राची दुरुस्ती

आपण २९ मिळवले ते कुठून आले? याचे उत्तर १५८२ च्या पंचांगसुधारणेत आहे. पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा दिवस गाळले, ४ ऑक्टोबरनंतर १५ ऑक्टोबर आणला, हे शाळेत शिकवतात. पण ती सुधारणा मुळात ईस्टरसाठी होती, आणि तिचा अवघड भाग सूर्याचा नव्हे, चंद्राचा होता.

जुने ज्युलियन वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे. ते खऱ्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे. तेवढ्याने खरा संपात सोळाव्या शतकात ११ मार्चच्या आसपास सरकला होता. दुसरी चूक एकोणीस वर्षांच्या फेऱ्यात होती. ज्युलियन हिशेबाची १९ वर्षे २३५ चांद्रमासांपेक्षा सुमारे दीड तासाने मोठी भरतात. तीनशे-साडेतीनशे वर्षांत त्याचा एक दिवस होतो. त्यामुळे कोष्टकात पौर्णिमा यायच्या आत आकाशातला चंद्र चांगलाच झिजायला लागलेला दिसे, आणि हे कोणाही खेडुताला दिसत होते.

दक्षिण इटलीतला वैद्य लुइजी लिलियो याने यावर जो उपाय सुचवला तो साधा होता. सुवर्णांकावरून थेट पौर्णिमा काढण्याऐवजी मध्ये एपॅक्ट ठेवायचा, आणि शतकाच्या वर्षी गरज पडेल तेव्हा सर्वच एपॅक्ट एकाने कमी किंवा जास्त करायचे. १७००, १८००, १९०० अशा वर्षी लीप दिवस गाळला जातो, तेव्हा एपॅक्ट एकाने कमी. चंद्राची चूक भरून काढायला २५०० वर्षांत आठ वेळा एकाने जास्त. लिलियो सुधारणेपूर्वीच वारला. जर्मन जेझुइट गणिती क्लाव्हियसने त्याची पद्धत तपशिलाने मांडली आणि टीकाकारांना उत्तरे दिली.

१५८२ मध्ये फेऱ्याच्या पहिल्या वर्षाचा एपॅक्ट १ ठरवला होता. १७०० मध्ये एक कमी होऊन शून्य झाला. १८०० मध्ये दोन्ही दुरुस्त्या एकदमच आल्या आणि एकमेकींना खोडून गेल्या. १९०० मध्ये एक कमी होऊन २९. २००० हे लीप वर्ष, बदल नाही. २१०० मध्ये पुन्हा दोन्ही दुरुस्त्या एकमेकींना खोडतील. २२०० मध्ये २८. म्हणून आपल्याला २१९९ पर्यंत २९ पुरतात. १७०० ते १८९९ साठी २९ ऐवजी शून्य घ्यायचे, १५८३ ते १६९९ साठी १.

जुन्या वर्षाचा एक हिशेब करू. प्रसिद्ध गणिती गाउस याच्या आईला त्याची जन्मतारीख आठवत नव्हती. स्वर्गारोहणाच्या सणाआधी आठ दिवस, बुधवारी तो जन्मला, एवढेच तिच्या लक्षात होते, अशी आख्यायिका आहे. साल १७७७. १९ ने भागून बाकी १०, सुवर्णांक ११. १० गुणिले ११ म्हणजे ११०, त्यातून ९० काढून एपॅक्ट २०. ४४ उणे २० म्हणजे २४ मार्च. त्या दिवशी वार कोणता? १७७७ ते २०२५ ही २४८ वर्षे. प्रत्येक वर्ष वार एकाने पुढे नेते आणि प्रत्येक लीप दिवस आणखी एकाने. मधले लीप दिवस ६०. बेरीज ३०८, म्हणजे बरोबर ४४ आठवडे. तेव्हा १७७७ चे वार २०२५ च्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेप्रमाणेच. २४ मार्चला सोमवार, ईस्टर ३० मार्च. स्वर्गारोहण त्यानंतर ३९ दिवसांनी, गुरुवार ८ मे. त्याआधी आठ दिवस म्हणजे बुधवार, ३० एप्रिल १७७७. हीच गाउसची जन्मतारीख. पुढे १८०० मध्ये त्याने ईस्टर काढण्याचे निव्वळ भागाकारांचे सूत्र प्रसिद्ध केले. त्यातही वरचे दोन अपवाद वेगळे सांगावेच लागले.

पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चनी ही सुधारणा ईस्टरपुरती स्वीकारली नाही. २०२६ च्या सुवर्णांक १३ ला त्यांचे जुने कोष्टक ज्युलियन २४ मार्च ही पौर्णिमा देते. दोन दिनदर्शिकांतला १३ दिवसांचा फरक मिळवला की आपली ६ एप्रिल. आकाशातली पौर्णिमा तेव्हा चार दिवस शिळी झालेली असते. ६ एप्रिलला सोमवार, म्हणून त्यांचा ईस्टर १२ एप्रिलला.

आकाशच का पाहू नये?

खगोलशास्त्र हाताशी असताना कोष्टक कशाला, हा प्रश्न साहजिक आहे, आणि तो एकदा प्रत्यक्षात आणून पाहिलेला आहे. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट संस्थानांनी १७०० मध्ये नव्या तारखा घेतल्या, पण पोपचे कोष्टक घेतले नाही. ईस्टरची पौर्णिमा त्यांनी केप्लरच्या रुडॉल्फाइन सारण्यांवरून काढायची ठरवली. बरीच वर्षे दोन्ही उत्तरे जुळली. १७२४ मध्ये फुटली.

कोष्टकाने त्या वर्षी काय सांगितले ते आपणच काढू शकतो. १९ ने भागून बाकी १४. १५४ मधून १५० काढून एपॅक्ट ४. ४४ उणे ४ म्हणजे ४०, अर्थात ९ एप्रिल. तो रविवार होता. म्हणून कॅथॉलिक ईस्टर पुढच्या रविवारी, १६ एप्रिलला. खगोलगणिताने पौर्णिमा ८ एप्रिलला, शनिवारी आली. म्हणून प्रॉटेस्टंट ईस्टर दुसऱ्याच दिवशी, ९ एप्रिलला. लाइपझिगमध्ये बाखचे ‘सेंट जॉन पॅशन’ पहिल्यांदा सादर झाले ते ७ एप्रिल १७२४ रोजी, प्रॉटेस्टंटांच्या गुड फ्रायडेला. त्याच सॅक्सनीचा इलेक्टर कॅथॉलिक होता. त्याचा गुड फ्रायडे आठवड्याने आला. १७४४ मध्येही असेच झाले. अखेर १७७६ पासून प्रॉटेस्टंट संस्थानांनी कोष्टकाचा ईस्टर स्वीकारला. व्हिटबीच्या वाड्यातली अडचण हजार वर्षांनी जर्मनीत पुन्हा उद्भवली होती, या वेळी अधिक अचूक गणितामुळे.

१९९७ मध्ये सीरियातल्या अलेप्पो शहरात निरनिराळ्या चर्चच्या प्रतिनिधींची बैठक झाली. संपात आणि पौर्णिमा दोन्ही आधुनिक खगोलगणिताने, जेरुसलेमच्या रेखांशावर काढाव्यात, अशी सूचना तिथे पुढे आली. त्या रीतीने २०१९ चा ईस्टर २४ मार्चलाच आला असता. सूचना अमलात आली नाही.

त्या सूचनेत ‘जेरुसलेमच्या रेखांशावर’ हे शब्द का घालावे लागले, यात सगळे मर्म आहे. पौर्णिमा हा एक क्षण असतो. तो क्षण मनिलात रविवारी असेल तेव्हा लिस्बनमध्ये अजून शनिवार असू शकतो. आकाश पाहायचे म्हटले की कुठून पाहायचे हे ठरवावे लागते. म्हणजे आकाशाच्या आधी करार येतोच. आपल्याकडे याचा अनुभव आहे. तिथी स्थानिक सूर्योदयाशी बांधलेली असल्याने दोन गावांची एकादशी वेगळ्या दिवशी येते, आणि टिळक पंचांग व इतर पंचांगे यांचे अधिक महिन्यावरून काही वर्षी जुळत नाही. ही मतभेदांची किंमत आपण आकाशाशी इमान राखण्यासाठी मोजतो. चर्चने उलटा सौदा केला. एका दिवसाची चूक पत्करली, कधी चार आठवड्यांचीही, आणि त्याच्या बदल्यात असा चंद्र मिळवला जो गोव्यात, रोममध्ये आणि मनिलात एकाच तारखेला पूर्ण होतो.

२०३८ च्या पाडव्याआधीच त्याची पुढची परीक्षा आहे. २१ मार्चच्या सुमारास फाल्गुनी पौर्णिमा येईल आणि कोष्टक तिला पुन्हा २० मार्चची ठरवून सोडून देईल. पुढची पौर्णिमा १८ एप्रिलची, वार रविवार. ईस्टर २५ एप्रिल, म्हणजे नियमात बसणारा अगदी शेवटचा दिवस.